शाळेचा दाखला आणि ठेवीवरचे अर्धा टक्का व्याज



गेल्या अंकात वसतिगृहातून निवृत्त झालेल्या स्वयंपाकीण मावशींबद्दल दोन ओळी आल्या होत्या. त्या वाचून नवापूर आणि साक्री तालुक्यांतल्या काही मंडळींनी विचारले, "आमच्याही आईवडिलांकडे शाळेच्या दाखल्याशिवाय वयाचा कागद नाही. बँक त्यांना साठ वर्षांचे मानत नाही. तुम्ही काय केले ते सविस्तर लिहा." मी ३१ वर्षे बँकेत नोकरी केली आणि आता दर शुक्रवारी आपल्या मदत केंद्रात बसतो. मावशींचे काम कसे झाले आणि त्यात माझे काय चुकले, ते या वेळी लिहितो.

साठ वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला बहुतेक बँका मुदत ठेवीवर साधारण अर्धा टक्का जादा व्याज देतात. मावशींच्या शाखेत पाच वर्षांच्या ठेवीला त्या वेळी इतरांसाठी ६.५० टक्के आणि ज्येष्ठांसाठी ७ टक्के दर होता. मावशींकडे नोकरीतली शिल्लक आणि माहेरच्या जमिनीचा वाटा मिळून चार लाख रुपये होते. व्याज दर तीन महिन्यांनी हातात घ्यायचे ठरवले, तर साध्या दराने ६,५०० रुपये मिळाले असते आणि ज्येष्ठांच्या दराने ७,०००. म्हणजे तिमाहीला ५०० रुपये, वर्षाला २,००० आणि पाच वर्षांत १०,००० रुपयांचा फरक. मावशींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा तिमाहीचा खर्च जवळजवळ तेवढाच होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मावशी प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १० जुलै १९६४ होती, म्हणजे साठ वर्षे चार महिन्यांपूर्वीच पूर्ण झाली होती. आधार कार्डावर तारीख नव्हती, फक्त "जन्मवर्ष : १९६४" एवढेच होते. जन्माचा दाखला नव्हता, कारण जन्म पाड्यावर झाला आणि नोंद कोणी केली नाही. पॅन कार्ड नव्हते. आणि बँकेच्या संगणकात त्यांची जन्मतारीख १ जानेवारी १९६९ अशी होती!

ही तारीख आली कुठून? मावशींचे खाते जनधन योजनेच्या वेळी, २०१४ साली, गावातल्या शिबिरात उघडले होते. अर्ज भरणाऱ्या मुलाने विचारले, "वय किती?" मावशी म्हणाल्या, "असेल पंचेचाळीस." त्याने पंचेचाळीस वजा करून १९६९ साल काढले आणि तारखेच्या रकान्यात १ जानेवारी टाकले. जिथे जिथे १ जानेवारी दिसेल, तिथे बहुधा तारीख अंदाजाने घातलेली आहे असे समजावे.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्यायची आहे. ठेव करताना जादा दर संगणक देतो, आणि तो ग्राहकाच्या नोंदीतल्या जन्मतारखेवरून देतो. काउंटरवर दाखवलेला कागद कितीही खरा असला, तरी ती नोंद बदलेपर्यंत व्याज बदलत नाही. म्हणून आपला अर्ज "जादा व्याज द्या" असा नसावा. तो "माझ्या ग्राहक नोंदीतील जन्मतारीख दुरुस्त करा" असा असावा. हा फरक न कळल्यामुळे पुष्कळ जण बँकेतून हात हलवत परत येतात.

मावशी आधी एकट्याच शाखेत जाऊन आल्या होत्या. तिथला तरुण अधिकारी सभ्यपणे बोलला होता, पण त्याने तीन हरकती घेतल्या. एक, हा दाखला केवायसीच्या यादीत नाही. दोन, याच्यावर फोटो नाही. तीन, याच्यावरचे नाव वेगळे आहे. मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, मी तर तीच आहे. नाव बदललं म्हणून काय जन्म बदलतो का?" त्यांचे म्हणणे खरे होते, पण त्या अधिकाऱ्याचेही चुकले नव्हते. प्रत्येक हरकतीला वेगळे उत्तर द्यावे लागते.

पहिली हरकत यादीची. केवायसीसाठी पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे पत्र हे कागद चालतात. शाळेचा दाखला त्यात नाही, हे खरे. पण ती यादी माणूस कोण आणि राहतो कुठे हे ठरवण्यासाठी आहे. मावशींची ओळख आधारने सिद्ध झालीच होती. वय हा निराळा प्रश्न आहे. आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. पुढे २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात, मृताच्या आधारवर एक तारीख आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरी असताना, दाखल्यावरची तारीख धरली. तो खटला बँकेच्या ठेवीचा नव्हता, त्यामुळे "न्यायालयाने सांगितले आहे, तुम्हाला द्यावेच लागेल" असे शाखेत म्हणू नये. पण दाखला हा वयाचा कच्चा कागद नाही, हे नम्रपणे सांगायला त्याचा उपयोग होतो. मी तेवढेच सांगितले. अधिकाऱ्याने वरिष्ठांना फोन केला आणि "दाखला स्पष्ट असेल आणि नावाचा मेळ बसत असेल तर घेऊ" असे उत्तर मिळाले.

आता दाखला स्पष्ट होता का? नव्हता. मूळ दाखला घडीवर फाटला होता, आणि कोणीतरी तो लॅमिनेट केल्यामुळे सालाचा शेवटचा आकडा शाईत पसरलेला दिसत होता. तो ४ आहे की ९, हे खात्रीने सांगता येत नव्हते. अशा वेळी अक्षरांत लिहिलेली तारीख पाहावी, पण तिथेच घडी पडली होती. म्हणून आम्ही मावशींच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो.

शाळा सोडल्याचा दाखला हा शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या एका ओळीची नक्कल असतो. दाखला फाटला तरी रजिस्टर शाळेत असते. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करून आम्ही दोन कागद मागितले. एक दाखल्याची दुय्यम प्रत आणि दुसरा त्याच नोंदीचा प्रवेश-निर्गम उतारा. जुन्या दाखल्यावरचा रजिस्टर नंबर वाचता येत होता, म्हणून नोंद लवकर सापडली. नंबर नसेल तर कितव्या वर्षी शाळेत घातले आणि कोणत्या इयत्तेत शाळा सोडली हे सांगावे, म्हणजे गुरुजींना पाने चाळता येतात. शाळा बंद होऊन दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल, तर रजिस्टर कुठे आहे ते केंद्रप्रमुखांकडे किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावे.

कागद हातात आल्यावर तिथेच उभे राहून एक तपासणी करावी. प्रवेशाच्या तारखेतून जन्मतारीख वजा करावी. मावशींचा प्रवेश जून १९७० मधला होता. जन्म जुलै १९६४ चा, म्हणजे पहिलीत बसताना वय जवळजवळ सहा. चौथी झाल्यावर १९७४ साली शाळा सोडली. हे सगळे जुळते. साल १९६९ असते, तर मावशी अकराव्या महिन्यात पहिलीत बसल्या असत्या! वजाबाकीत तीन किंवा चौदा असे वय आले, तर नक्कल करताना आकडा चुकला आहे असे समजून मूळ ओळ पुन्हा पाहायला सांगावी. नंतर आकड्यांतली तारीख आणि अक्षरांतली तारीख एकच आहे ना, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का आहे ना, हे पाहावे. मूळ रजिस्टरमधली तारीख मात्र आपल्या सोयीसाठी बदलून मागू नये. मुख्याध्यापकांना तसा अधिकार नसतो.

कोणी म्हणेल, त्या काळी गुरुजी तारीख अंदाजानेच घालत, मग तिला एवढे महत्त्व का? पुष्कळांच्या दाखल्यावर १ जून असते, तेही त्यामुळेच. पण ती नोंद पन्नास वर्षांपूर्वी, व्याजाचा किंवा पेन्शनचा काही संबंध नसताना झालेली आहे. नंतर सोयीने केलेली नाही. या गुणामुळेच तिला वजन आहे.

दुसरी आणि तिसरी हरकत मिळून एकच आहे. दाखल्यावर फोटो नाही, म्हणून दाखल्यातली मुलगी आणि समोर बसलेली बाई एकच आहे हे दाखवायला हवे. दाखल्यावर मावशींचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव आहे. आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. दोन्हींत समान असलेला शब्द फक्त त्यांचे स्वतःचे नाव, आणि तेही दाखल्यावर एका रूपात तर आधारवर थोड्या वेगळ्या रूपात. पुरुषांच्या बाबतीत वडिलांचे नाव दोन्हीकडे असते, म्हणून काम सोपे जाते. बायकांच्या बाबतीत इथेच घोडे अडते.

आणि इथेच आपल्या मंडळीची एक जुनी वही कामाला आली. मावशींचे लग्न १९८३ साली आपल्याच चर्चमध्ये झाले होते. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ प्रमाणे होणाऱ्या लग्नाच्या नोंदीत वधूचे माहेरचे नाव, तिचे वय, तिच्या वडिलांचे नाव आणि वराचे नाव असते. अशा नोंदीचा प्रमाणित उतारा कायद्याने पुरावा म्हणून धरला जातो. पाळकसाहेबांनी कपाटातून वही काढली, नोंद शोधली आणि उतारा सही-शिक्क्यासह दिला. माहेरचे नाव आणि सासरचे नाव एकाच कागदावर आले. वधूचे वय १९ लिहिलेले होते, म्हणजे १९६४ शी तेही जुळले. बाप्तिस्म्याच्या वहीतही जन्मतारीख असते. तो सरकारी जन्मदाखला होत नाही, पण सोबत जोडायला चांगला असतो. ज्यांचे लग्न चर्चमध्ये झाले नाही, त्यांना ग्रामपंचायतीच्या किंवा निबंधकांच्या विवाह नोंदणीचा दाखला चालतो.

नावाच्या रूपातल्या लहान फरकासाठी आम्ही एक प्रतिज्ञापत्र केले. "दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव ही दोन्ही माझीच आहेत" एवढेच त्यात होते. प्रतिज्ञापत्र हे आपले स्वतःचेच म्हणणे असते. ते दोन कागद जोडायला उपयोगी पडते, पण एकट्याने वय सिद्ध करत नाही. दाखला न जोडता नुसते वयाचे प्रतिज्ञापत्र घेऊन जाणाऱ्यांना बँक परत पाठवते, ते याच कारणाने.

मग शाखेत दिलेला अर्ज असा होता :

"माझ्या ग्राहक नोंदीत जन्मतारीख ०१/०१/१९६९ अशी आहे. ती खाते उघडताना अंदाजाने लिहिलेली आहे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे माझी जन्मतारीख १०/०७/१९६४ आहे. आधारवरील जन्मवर्षही १९६४ आहे. कृपया नोंद दुरुस्त करावी. सोबत : शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा, विवाह नोंदीचा उतारा, नावाबाबत प्रतिज्ञापत्र, आधार."

सगळ्या मूळ प्रती दाखवल्या आणि झेरॉक्सवर मावशींची सही करून दिली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतली. पोच नसेल तर पुढे तक्रारीला आधार राहत नाही. आठ दिवसांनी नोंद बदलली. त्यानंतरच ठेव केली, आणि पावती हातात आल्यावर व्याजाचा दर ७ टक्के छापला आहे ना, हे मावशींना बोट ठेवून दाखवले.

या सगळ्याला पाच आठवडे लागले, आणि इथे माझी चूक झाली. या काळात चार लाख रुपये बचत खात्यात पडून राहिले. तिथे ३ टक्के व्याज मिळत होते, ठेवीत ७ टक्के मिळाले असते. चार टक्क्यांचा फरक चार लाखांवर ३५ दिवसांचा धरला, तर सुमारे १,५०० रुपये होतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या २,००० रुपयांच्या फायद्यातले तीन हिस्से माझ्या दिरंगाईत गेले. पैसे आल्याबरोबर दीड-दोन महिन्यांची लहान ठेव करून ठेवायला हवी होती. खरे तर पैसे येण्याआधी, निवृत्तीला सहा महिने असतानाच, पासबुक घेऊन शाखेत जाऊन "माझी जन्मतारीख तुमच्याकडे काय आहे?" एवढे विचारायला हवे होते.

याउलट घाईही नको. शेजारच्या पाड्यावरच्या एका काकांनी आधी पाच वर्षांची ठेव केली आणि वर्षभराने नोंद दुरुस्त करून घेतली. त्यांना वाटले, आता दर वाढेल. पण ठेवीचा दर ठेव करण्याच्या दिवशीच ठरतो. नोंद नंतर बदलली किंवा मध्येच साठ वर्षे पूर्ण झाली, तरी चालू ठेवीचा दर तोच राहतो. ठेव मोडून नवी करता येते, पण मोडताना जेवढे दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर मिळतो आणि बहुतेक बँका त्यातूनही काही दंड कापतात. काकांच्या बाबतीत हिशेब केला, तर मोडण्यात तोटाच होता. ठेव संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी त्यांना ज्येष्ठांचा दर मिळेल. आणखी एक : जोडनावाच्या ठेवीत बँका साधारणपणे पहिल्या नावाचे वय धरतात. म्हणून ठेव आईची असेल, तर पावतीवर आईचे नाव आधी आणि मुलाचे नंतर असावे.

मावशींच्या आधारवर नुसते वर्ष होते आणि ते दाखल्याशी जुळत होते, म्हणून काम बँकेतच संपले. आधारवर पूर्ण पण चुकीची तारीख असेल, तर बँक आधी आधार दुरुस्त करायला सांगते. तिथे सांभाळून जावे, कारण आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. सेवा केंद्रात लावलेल्या यादीत आपला दाखला बसतो का, हे आधी विचारावे. बसत नसेल, तर उशिराच्या जन्मनोंदणीचा मार्ग राहतो. ग्रामपंचायतीकडून जन्माची नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा आणि जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. तिथे शाळेचा दाखला आणि प्रवेश-निर्गम उतारा हाच मुख्य आधार असतो. चौकशी होते आणि वेळ लागतो. पुढे पॅन कार्ड काढताना तीच तारीख लिहावी, नाहीतर दोन तारखांचा घोळ पुन्हा सुरू होतो.

सगळे कागद देऊनही शाखेने नाही म्हटले, तर कारण लेखी मागावे. बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र पतसंस्थेतल्या ठेवींना हा मार्ग लागू नाही.

शेवटी एक प्रसंग सांगायला हवा. त्याच महिन्यात दुसरे एक काका आले. त्यांच्या आधारवर १९६३ साल होते आणि शाळेच्या दाखल्यावर १९६६. ते म्हणाले, "साहेब, माझा दाखला नका काढू. आधारच दाखवा, म्हणजे व्याज मिळेल." मी त्यांच्यासोबत बसून प्रवेशाची तारीख वजा करून पाहिली. १९६६ धरले तर पहिलीत वय सहा येत होते, १९६३ धरले तर नऊ. धाकट्या बहिणीच्या दाखल्यावर १९६८ होते. काका थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी अजून साठचा नाही." त्यांची ठेव दोनच वर्षांची केली, म्हणजे ती संपेल तेव्हा त्यांची साठ वर्षे पूर्ण झालेली असतील आणि पुढची ठेव ज्येष्ठांच्या दराने करता येईल. दाखला ज्यांच्या बाजूने बोलतो त्यांच्यासाठी तो धरायचा आणि ज्यांच्या विरुद्ध बोलतो त्यांच्यासाठी लपवायचा, असे केले तर शाखेत आपल्या केंद्राच्या कागदांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

वाचकांपैकी ज्यांच्याकडे मंडळीच्या जुन्या विवाह आणि बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. वह्यांना वाळवी लागली नाही ना, हे या पावसाळ्यापूर्वी पाहून घ्या, आणि १९९० पूर्वीच्या नोंदींची नावांप्रमाणे सूची करून ठेवा. मावशींची नोंद शोधायला पाळकसाहेबांना दोन तास लागले. सूची असती तर पाच मिनिटांत मिळाली असती.

आपला,
मदत केंद्रातील एक सेवक